शिडीबाईंची दुसरी शिडी

बारावीच्या पेपर तपासणीच्या तिसऱ्या दिवशी शिडीबाईंचे गुडघे संपावर गेले. हॉल दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि कठड्याला नुकताच रंग दिलेला, म्हणजे धरायचीही सोय नाही. वर पोचेपर्यंत त्यांनी दोनदा थांबून पर्समध्ये काहीतरी शोधल्याचं नाटक केलं. शोधायचं काही नव्हतं, दम घ्यायचा होता.

त्यांचं खरं नाव कॉलेजच्या हजेरीपटाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षं त्या अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवत होत्या, आणि एकतीस वर्षांत विद्यार्थ्यांच्या ध्यानात त्यांची एकच गोष्ट पक्की राहिली होती, ती म्हणजे शिडी. दोन अणू जवळ आले, त्यांचा रेणू झाला, की त्यातल्या इलेक्ट्रॉनांनी बसायचं कुठं, हे दाखवणारी आकृती असते. पुस्तकात तिचं नाव लांबलचक आहे. बाईंनी तिला शिडी म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव त्यांनाच चिकटलं. बाजारात भाजी घेताना पाठीमागून कुणीतरी टोणगा हाक मारायचा, "शिडीबाई!" आणि त्या वळायच्या. नवराही कधीकधी म्हणायचा, "शिडीबाई, माळ्यावरचा डबा काढून देता का?" या विनोदाला वीस वर्षं झाली होती, तरी तो स्वतःच हसायचा.

शिकवायच्या मात्र झकास. फळ्यावर खालपासून वरपर्यंत पायऱ्या काढायच्या. खालची पायरी स्वस्त, वरची महाग. म्हणजे खाली कमी ऊर्जा, वर जास्त. इलेक्ट्रॉन आधी खालून भरायचे. एका पायरीवर फार तर दोघं, तेही एकमेकांकडे पाठ करून. आणि एकाच उंचीवर दोन पायऱ्या शेजारीशेजारी असल्या तर? "बसमध्ये दोन बाक रिकामे असले तर तुम्ही अनोळखी माणसाला खेटून बसता का रे? नाही ना? मग इलेक्ट्रॉनलाही अक्कल आहे. आधी एकेका बाकावर एकेक, मग जोडी." काही पायऱ्या रेणूला बांधून ठेवणाऱ्या, काही तोडायला बघणाऱ्या. त्या तोडणाऱ्या पायऱ्यांवर बाई एक चांदणी काढायच्या. बांधणाऱ्या पायऱ्यांवरचे इलेक्ट्रॉन मोजा, त्यांतून तोडणाऱ्यांवरचे वजा करा, दोनानं भागा, की आली बॉण्ड ऑर्डर, म्हणजे किती पदरी बंध आहे ते. आणि शेवटी बघायचं की कुणी एकटं बसलंय का. एकटा असला तर रेणू लोहचुंबकाकडे ओढला जातो, तो पॅरामॅग्नेटिक. सगळे जोडीनं असले तर चुंबकाकडे पाठ फिरवतो, तो डायमॅग्नेटिक. "जोडी जमली की चुंबकाकडे पाठ," हे बाईंचं वाक्य पोरांच्या वह्यांत चौकटीत लिहिलेलं असायचं.

आता हॉलमध्ये येऊ. चाळीस बाक, चाळीस परीक्षक, डोक्यावर सहा पंखे आणि त्यातले दोन नुसतेच गरगरणारे, वारा न देणारे. प्रत्येकासमोर पंचवीस उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. पोरांचे नंबर कागदाखाली झाकलेले, कुठल्या कॉलेजचा गठ्ठा कुणाकडे आलाय ते देवालाच ठाऊक. भिंतीवर घड्याळ, बाकावर लाल पेन आणि 'की'. की म्हणजे नमुना उत्तरं. चार पानांचा छापील कागद. त्यात लिहिलंय तसं उत्तर असेल तर मार्क, नसेल तर नाही. नियम साधा होता, आणि दमलेल्या माणसाला साधा नियम फार आवडतो.

पहिले दोन दिवस बाईंनी डोकं घरी ठेवून तपासणी केली. मी त्यांना दोष देत नाही. सकाळी सहाला उठून दोन डबे, नातवाला शाळेत सोडणं, एक तास बस, मग आठ तास लाल पेन. एका उत्तरपत्रिकेला किती मिनिटं मिळतात ते गणित कुणी करू नये, लाज वाटते. डोळे उत्तरावर, बोट कीवर, पेन मार्कांच्या चौकटीत. अकरावा प्रश्न तीन मार्कांचा होता: बोरॉनच्या दोन अणूंच्या रेणूची आकृती काढा, बॉण्ड ऑर्डर काढा, चुंबकीय गुणधर्म सांगा. की म्हणत होती, बॉण्ड ऑर्डर एक, डायमॅग्नेटिक. बाईंचं पेन म्हणत होतं, बरं.

तिसऱ्या दिवशी, साडेअकराच्या सुमाराला, दुसऱ्या गठ्ठ्यातली सातवी उत्तरपत्रिका त्यांनी उघडली. अक्षर बारीक, डावीकडे झुकलेलं. अकराव्या प्रश्नाला पोरानं, किंवा पोरीनं, आधी एक आकृती काढली होती आणि पट्टी लावून, नीट, एका रेघेनं खोडली होती. खाली दुसरी काढली होती. आणि मध्ये लिहिलं होतं: "वर्गातली शिडी ऑक्सिजनची आहे. बोरॉनमध्ये टू-एस आणि टू-पी यांची ऊर्जा जवळजवळ असते, त्यामुळे सिग्मा वर ढकलला जातो. म्हणून बोरॉनची शिडी वेगळी."

बाईंचं पेन कीच्या सवयीनं फुलीकडे गेलं होतं. ते तिथंच थांबलं.

शिडी हा शब्द पुस्तकात नाही. तो बाईंच्या फळ्यावरून निघून वह्यांत गेला होता, वह्यांवरून झेरॉक्समध्ये. हे पोर त्यांच्या वर्गातलं असेल, नाहीतर त्यांच्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्यानं शिकवलेलं असेल. काही सांगता येत नव्हतं.

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि आकृती पायरी पायरीनं वाचली. बोरॉनच्या एका अणूत पाच इलेक्ट्रॉन, दोघांचे मिळून दहा. खालच्या चार पायऱ्यांवर आठ जण बसले, दोन बांधणाऱ्या आणि दोन चांदणीवाल्या. उरले दोन. आता पुढची पायरी कुठली, यावर सगळा खेळ. बाईंच्या शिडीत आधी सिग्मा नावाची एकच पायरी येते, तिच्यावर दोघं जोडीनं बसतात, म्हणजे चुंबकाकडे पाठ. या पोरानं सिग्मा वर चढवला होता आणि त्याच्या खाली 'पाय' या ग्रीक अक्षराच्या नावाच्या दोन पायऱ्या शेजारीशेजारी काढल्या होत्या. दोन बाक रिकामे. दोन इलेक्ट्रॉन. एकेका बाकावर एकेक. दोघंही एकटे. बॉण्ड ऑर्डर तीच, सहातून चार गेले, दोन, भागिले दोन, एक. पण रेणू पॅरामॅग्नेटिक.

पोराचं बरोबर होतं. प्रयोगात मोजून पाहिलेलं आहे, बोरॉनचा तो रेणू पॅरामॅग्नेटिकच निघतो. की चूक होती.

आणि बाईंना हे माहीत होतं! हीच तर गोम होती. नवीन नोकरी लागली तेव्हा त्या दोन्ही शिड्या शिकवायच्या. एक नायट्रोजनपर्यंतच्या हलक्यांची, एक ऑक्सिजन आणि फ्लोरिनची. पोरं गोंधळायची, ऑक्सिजनला बोरॉनची शिडी लावायची, तरी बाई पुन्हा पुन्हा सांगायच्या. मग एक वर्ष असं आलं की सासूबाईंना दिवस आणि रात्र यांतला फरक कळेनासा झाला, धाकटीला कांजिण्या निघाल्या, आणि कॉलेजनं दुसऱ्या पाळीचे वर्गही बाईंच्याच गळ्यात मारले. त्या वर्षी फळ्यासमोर उभं राहून त्यांनी हिशोब केला. परीक्षेत येतं काय? हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फार तर फ्लोरिन. नायट्रोजनला कुठलीही शिडी लावा, तिन्ही पायऱ्या भरूनच जातात, बॉण्ड ऑर्डर तीन येते आणि सगळे जोडीनं बसतात. म्हणजे एकाच शिडीत भागतंय. बोरॉन आणि कार्बन तेवढे अडतात, पण त्यांना विचारतो कोण? त्या वर्षी दुसरी शिडी सांगायची राहिली. पुढच्या वर्षी सांगू म्हणाल्या. पुढच्या वर्षी निकाल चांगला लागला होता, प्राचार्यांनी पाठ थोपटली होती. मग राहिलीच. अठरा वर्षं राहिली.

याच वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली होती. "बाई, पुस्तकात बोरॉनची शिडी उलटी दिसतेय." बाईंच्या हातात खडू होता आणि तास संपायला चार मिनिटं होती. त्या म्हणाल्या होत्या, "ते परीक्षेत येत नाही. बस खाली." मुलगी बसली होती. रागावून नव्हे, नुसतीच बसली होती.

"काय बाई, अडलात का?" शेजारच्या बाकावरच्या टकलू सरांनी विचारलं. सर गमतीशीर माणूस, आपल्या टकलावर स्वतःच विनोद करायचे, म्हणून सगळे त्यांना तोंडावर टकलू म्हणायचे आणि त्यांना वाईट वाटायचं नाही.

बाईंनी उत्तरपत्रिका त्यांच्याकडे सरकवली. सरांनी एक नजर टाकली आणि परत सरकवली.

"हां, बोरॉन. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

"मग बोलला नाहीत?"

"बाई, की म्हणजे की. कोण नाक खुपसणार? एकदा बोललं की पुन्हा सगळे गठ्ठे सोडा, पुन्हा बेरजा, पुन्हा सह्या. चार दिवस वाढतील. इथं पाठीचा काटा ढिला झालाय." ते पुन्हा आपल्या गठ्ठ्यात शिरले. "फुली मारा आणि पुढं चला. तीनातले दोनच तर जातात."

तीनातले दोन. आकृतीचा एक आणि चुंबकाचा एक. दोन दिवसांत आपण असे किती दोन घालवले, ते बाईंना आठवेना. आठवण्याजोगं बघितलंच नव्हतं.  त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त कंटाळा आला. आता उठायचं, बोलायचं, कुणाला तरी समजावायचं. दोन वर्षांवर निवृत्ती आलेल्या बाईनं हे सगळं का करावं? मी असतो तर केलं नसतं, खरं सांगतो.

पाच मिनिटं त्या तशाच बसल्या. मग गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

हॉलच्या टोकाला मोठ्या टेबलाशी मॉडरेटर, म्हणजे परीक्षकांच्या तपासणीवर देखरेख ठेवणारा, बसला होता. सगळ्या केंद्रांची की त्याच्याच सहीनं निघालेली. पस्तिशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, समोर तीन फायली. हा बाईंचाच विद्यार्थी. वर्गात कधी एका जागी ठरायचा नाही म्हणून बाई त्याला भोवरा म्हणायच्या. आता सगळे साहेब म्हणत. पहिल्या दिवशी त्यानं चाळीस जणांच्या देखत वाकून नमस्कार केला होता, आणि बाईंना आठवडाभर पुरेल एवढा आनंद झाला होता.

"साहेब," बाई चारचौघांत म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्यावर हळूच, "अरे, अकराव्याची की कुणी केली?"

"मीच केली, बाई. का?"

त्यांनी उत्तरपत्रिका पुढं केली. त्यानं वाचली. वाचता वाचता त्याचा पाय टेबलाखाली हलायचा थांबला. मग त्यानं फायलीतून पुस्तक काढलं, पान उलटलं, आणि त्या पानावर बराच वेळ बघत राहिला.

"एमएस्सीला वाचलं होतं हे," तो म्हणाला. "परीक्षेतही लिहिलं होतं. पण की करायला बसलो आणि हाताला तुमचीच शिडी आली. विचारच केला नाही."

"तुला मी दुसरी शिडी शिकवलीच नव्हती रे."

"बाई, मी बारा वर्षं क्लास घेतोय. दर वर्षी दीडशे पोरं. त्यांनाही हीच एक शिडी शिकवतो. पोरांना फार आवडते."

 बाईंनी टेबलावरचा ग्लास उचलला, पाणी प्यायल्या आणि ठेवला. दीडशे गुणिले बारा. हा हिशोब त्यांना नको असताना झाला.

मॉडरेटर वाईट माणूस नव्हता. उलट बाईंची त्याला काळजी होती. तो पुढं वाकला. "एक करूया. मी मंडळाला फोन करतो आणि कळवतो की प्रश्न संदिग्ध होता. दोन्ही उत्तरांना पूर्ण मार्क. ज्यांना दिलेत त्यांचे राहतील, ज्यांचे कापलेत त्यांना मिळतील. कुणाचं नुकसान नाही. की कशी चुकली, कुणाकडून शिकलास, हेही कुणी विचारणार नाही. तुमचं नाव कुठंच यायचं नाही."

"प्रश्न संदिग्ध कुठं होता?"

"बाई..."

"प्रश्न स्वच्छ होता. उत्तर चूक होतं." बाईंचा आवाज चढला, आणि जवळच्या दोन-तीन बाकांवरची पेनं थांबली. "हे पोर शिकवलेलं खोडून बरोबर लिहितं, आणि त्याला तेवढेच मार्क आणि चूक लिहिणाऱ्यालाही तेवढेच? मग शिकायचं कशाला रे? चुकीला मार्क द्यायचे म्हणजे ती चूक पुढची अठरा वर्षं चालू ठेवायची. नाही. की बदल. आणि कुणी विचारलं तर माझं नाव सांग. बेलाशक सांग."

बोलून झाल्यावर त्यांना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. अठरा वर्षांचं ओझं एका वाक्यात उतरल्यासारखं झालं. मॉडरेटरनं त्यांच्याकडे बघितलं, मग फोन उचलून व्हरांड्यात गेला.

दुपारी अडीचला मंडळाचा निरोप आला. सगळ्या केंद्रांवर एकदमच गेला. अकराव्या प्रश्नाची की बदलली आहे. बोरॉनचा रेणू पॅरामॅग्नेटिक. सिग्मा वर दाखवलेल्या आकृतीलाच मार्क. बॉण्ड ऑर्डरचा एक मार्क पूर्वीप्रमाणे. तपासून झालेले सर्व गठ्ठे पुन्हा उघडावेत. मॉडरेटरनं माइकवर वाचून दाखवलं. हॉलमध्ये जो सुस्कारा उठला तो पंख्यांच्या वाऱ्यापेक्षा जोरात होता.

"कुणाचं डोकं चाललं हे?" मागून एक जण ओरडला.

 टकलू सरांनी आपला चहा बाईंच्या बाकावर ठेवला. "घ्या. आता लागेल."

बाईंनी मागचे गठ्ठे मागवले. पहिल्या दोन दिवसांचे आठ, आजचे दोन. एकेक उघडून फक्त अकरावा प्रश्न बघायचा, जुना आकडा खोडायचा, शेजारी नवा लिहायचा, बेरीज बदलायची, सही करायची. पहिला गठ्ठा करताना त्यांना जवळजवळ उत्साह होता. बरोबर लिहिलेलं एक सापडलं, त्याला दोन मार्क परत दिले. अजून एक सापडलं. दहा गठ्ठ्यांत असे अकरा निघाले. अकरा पोरांचे बावीस मार्क बाईंनी स्वतःच्या हातानं परत केले, आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात माफी मागितली.

पण अकरा म्हणजे थोडी. चुकीची शिडी काढणारे ढिगानं होते. त्यात काही इतर कॉलेजांचे असतील, काही नुसते आळशी असतील. पण काहींच्या उत्तरात ते वाक्य होतं. "जोडी जमली की चुंबकाकडे पाठ." चौकटीत. कुणी तर खाली दुहेरी रेघ ओढली होती. बाई शिकवताना म्हणायच्या, हे वाक्य अधोरेखित करा, तपासणाऱ्याला दिसलं पाहिजे. तपासणाऱ्याला दिसत होतं.

त्यांचे दोन दोन मार्क कापायचे. कापत गेल्या. अठ्ठावन्नचे छप्पन्न. बहात्तरचे सत्तर. ठीक आहे, अठ्ठावन्न आणि छप्पन्नमध्ये काय फरक पडतो. एकेचाळीसचे एकोणचाळीस. हात दुखायला लागला. सव्वाचार वाजले.

आठव्या गठ्ठ्यात एक उत्तरपत्रिका आली, मोठ्या, गोल अक्षराची. असली अक्षरं बाई ओळखायच्या. हुशार नसलेली पण कष्ट करणारी पोरं असं लिहितात, एकेक अक्षर कोरून. बऱ्याच प्रश्नांना अर्धंमुर्धं. गणितं बहुतेक सोडून दिलेली. पण अकरावा प्रश्न मात्र पूर्ण, पट्टीनं काढलेली शिडी, पायऱ्या सरळ, बाण नीट वर आणि खाली, चांदण्या जागच्या जागी. हे एकच उत्तर त्या पोराला खात्रीनं येत होतं. खाली चौकटीत वाक्य. बाईंनी काल तीनपैकी तीन दिले होते आणि शेजारी 'छान' लिहिलं होतं.

एकूण छत्तीस. पास व्हायला पस्तीस लागतात.

बाईंनी आकडा पुन्हा वाचला. मग बेरीज पुन्हा केली, देव करो आणि चुकलेली असो. नव्हती. छत्तीसच. दोन गेले की चौतीस.

त्यांनी उत्तरपत्रिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली. तीन दिवसांत कुणाची अशी पूर्ण वाचली नव्हती, ही वाचली. एक मार्क हवा होता. एकच. कुठं अर्धा सुटला असेल, कुठं पायरी बरोबर असेल, कुठं समीकरणाचा तोल जमला असेल. दुसऱ्या प्रश्नात व्याख्या उलटी होती. पाचव्यात सूत्र बरोबर लिहून आकडे चुकीचे घातले होते. सूत्राचा मार्क आधीच दिलेला होता. नववा रिकामा. चौदाव्यात नुसतं शीर्षक. बाई शेवटच्या पानापर्यंत गेल्या आणि परत पहिल्यावर आल्या. मार्क कुठंच नव्हता.

त्या उठल्या. या वेळी गुडघ्यांची आठवण झाली नाही. मॉडरेटरच्या टेबलाशी गेल्या.

"अरे, तू सकाळी म्हणालास ना, दोन्ही बरोबर धरू. ते..."

त्यानं त्यांच्या हातातल्या उत्तरपत्रिकेकडे बघितलं. त्याला सांगावं लागलं नाही.

"आता सगळ्या केंद्रांवर गेलं, बाई. अर्ध्या ठिकाणी कापूनही झालं असेल."

"जे शिकवलं तेच यानं लिहिलंय. एक अक्षर इकडचं तिकडं नाही."

"माहीत आहे."

"मी सांगितलं म्हणून लिहिलंय रे."

"माहीत आहे, बाई," तो पुन्हा म्हणाला. त्याच्या समोरही उघडी उत्तरपत्रिका होती, तिच्यावरही चौकट होती, आणि ती त्यानं तळहातानं झाकली. मग हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही कुठं एक मार्क बसवलात तर मी बघणार नाही."

"शोधला. नाहीये."

 बाईंच्या मनात आलं, सकाळी आपण केवढ्या तोऱ्यात बोललो, माझं नाव सांग म्हणून. नाव कुणी विचारलंच नाही. नावाचं काही झालंच नाही. जे व्हायचं ते याचं झालं. रडू यायला हवं होतं, पण रडायलाही अंगात त्राण लागतं.

त्या परत बाकावर आल्या. टकलू सर काहीतरी विनोद करणार होते, पण बाईंचा चेहरा बघून पुन्हा गठ्ठ्यात शिरले. चहा गार झाला होता. बाईंनी अकराव्या प्रश्नासमोरचा तीन खोडला आणि एक लिहिला. शेजारचं 'छान' तसंच राहिलं होतं. तेही खोडायचं का, असा त्या विचार करत बसल्या. नियमात त्याबद्दल काही नव्हतं. आकृती नीटच काढली होती त्या पोरानं. त्यांनी ते खोडलं नाही.

मग पहिल्या पानावरची बेरीज खोडली. नियमाप्रमाणे नवे गुण अंकात लिहिले, चौतीस. अक्षरात लिहिले, चौतीस. आणि त्याखाली, जिथं परीक्षकाची सही असते तिथं, आपलं पूर्ण नाव लिहिलं, जे त्या पोरालाही कधी ठाऊक नसणार.